कथा: एक विसर्ग कमी

अंत्रुजकार (धागाकर्ता)

मागे इथे कौलप्रसादावर चर्चा रंगली होती, तेव्हापासून ही कथा डोक्यात घोळत होती. देऊळ आणि माणसं काल्पनिक आहेत, श्लोक तेवढे खरे. झोडपायला हरकत नाही.

आषाढात देवळात माणसं कमी आणि प्रश्न जास्त. पावसात घरी बसलं की ज्याला त्याला जुनी भांडणं आठवतात, असं आप्पाकाका म्हणायचे. त्या सोमवारी दोघे भाऊ आले ते एकाच रिक्षातून. उतरल्यावर मात्र एक सभामंडपाच्या या खांबाशी टेकला, दुसरा त्या. कुळागराची वाटणी करायची होती. थोरल्याला आत्ता हवी, धाकट्याला आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर.

आप्पाकाकांनी पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी एकेक चिकटवल्या. केशव तबक धरून मागे उभा. गाऱ्हाणं घालून झालं: वाटणी आत्ता करायची तर उजवी दे, थांबायचं तर डावी दे. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. पावसाळ्यात गाभाऱ्यातली हवाच ओली, पाकळी सुकायला वेळ घेते. अर्धा तास झाला, तास झाला. समई एकदा वाढवून झाली.

"भटमाम, देव उलयना मरे," थोरला म्हणाला.

"प्रसाद होत नाही आज. पुढच्या सोमवारी या."

केशव पाठशाळेतून येऊन वर्षही झालं नव्हतं. बारा वर्षांचा असल्यापासून जे पाठ केलं ते झोपेतही म्हणू शकायचा, पण अर्थ कुणी सांगितला नव्हता आणि त्यानेही विचारला नव्हता. त्या दुपारी पाऊस थांबेना म्हणून त्याने देवळाचं पुस्तकांचं कपाट उघडलं. कुणा महाजनाने दिलेलं शांकरभाष्यासह कठोपनिषद हाती लागलं. चाळताना ओळखीचा मंत्र दिसला. 'अणोरणीयान् महतो महीयान्', हा तर तो रोज म्हणतो. शेवटी 'धातुः प्रसादान्महिमानमीशम्'. पुस्तकात छापलं होतं 'धातुप्रसादान्महिमानमात्मनः'. विसर्ग गळला, असं समजून त्याने पेन्सिल घेतली.

पेन्सिल टेकवण्याआधी त्याने खालचं भाष्य वाचलं. भाष्यकाराला विसर्ग नकोच होता. धातु म्हणजे मन आणि इंद्रियं, शरीराला धरून ठेवणारी. त्यांच्या प्रसादाने माणूस आत्म्याचा महिमा पाहतो.

मनाचा प्रसाद? देव देतो तो प्रसाद केशवला ठाऊक होता. द्रोणातला ठाऊक होता, पाकळीचा ठाऊक होता. हा कोण कुणाला देतो? 'धातुः' म्हटलं की विधात्याचा प्रसाद, म्हणजे कृपा. विसर्ग काढला की विधाता वाक्यातून उठून गेला आणि तरी वाक्य उभंच राहिलं.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात गेला तर काकू सहाणेवर काहीतरी उगाळत होती. मोठ्या पावसानंतर बावीचं पाणी तांबडं व्हायचं, हे दर वर्षीचं. सहाणेवर चार थेंब पाणी, त्यावर वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, गोलसर, फिकट रंगाची बी. उगाळलेला गंध तिने तांब्याच्या हंड्यात टाकला, लाकडी पळीने पाणी आधी जोरात आणि मग सावकाश ढवळलं, आणि वर फडकं बांधलं.

"काय गे ते?"

"निवळी. आता हात लावू नको. रात्री वरचं वरचं काढून घेते आणि उकळते."

निवळीचं संस्कृत नाव कतक, हे केशवला ठाऊक होतं, कारण मनुस्मृतीतला एक श्लोक त्याला पाठ होता. नुसती संन्याशाची चिन्हं मिरवून धर्म होत नाही, हे सांगायला तो पाठशाळेत नेहमी म्हणायचे:

फलं कतकवृक्षस्य यद्यप्यम्बुप्रसादकम् ।
न नामग्रहणादेव तस्य वारि प्रसीदति ॥

कतकाचं फळ पाणी निवळवतं खरं, पण त्याचं नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. केशवने तो शंभरदा म्हटला होता. 'अम्बुप्रसादकम्'. 'वारि प्रसीदति'. पाण्याचा प्रसाद होतो.

रात्री तो हंड्याजवळ बसूनच राहिला. काकूने फडकं सोडलं तेव्हा वरचं पाणी इतकं नितळ होतं की हंड्याच्या आतल्या बाजूचा पोचा दिसत होता. तळाशी तांबडा थर. 'प्र' आणि 'सद्', खाली बसणं. गढूळ होतं ते बसलं, म्हणून वरचं स्वच्छ झालं. तोंडाने तो नेहमीचं पुटपुटला, 'देवि प्रपन्नार्तिहरे प्रसीद', आणि मध्येच थांबला. म्हणजे इतकी वर्षं आपण देवीला 'निवळ' म्हणतोय?

आप्पाकाकांना त्याने सगळं सांगितलं. विसर्गापासून हंड्यापर्यंत. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"पाकळी पडते तेव्हा माणसं घरी जातात," ते म्हणाले. "पाण्याचं तुझ्या काकूला सांग."

पुढच्या सोमवारी आप्पाकाका तापाने पडले होते. केशवने स्वतः पाकळ्या लावल्या, स्वतः गाऱ्हाणं घातलं. उघडीप होती. पाच मिनिटांत उजवी पडली.

"ऊन पडलंय, सुकली असेल," धाकटा म्हणाला.

"गेल्या सोमवारी हेच उलटं बोलला असतास का?" थोरला म्हणाला, आणि पायऱ्या उतरेपर्यंत दोघांचं पुन्हा जुंपलं. केशव द्रोण घेऊन मागून धावला. धाकट्याने हात पुढे केला. थोरला म्हणाला, "मला नको, त्यालाच द्या दोन्ही." मग रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा त्यानेही घेतला.

माशेलची सून

काकू आवडली! कथेत सगळ्यात कमी बोलते आणि सगळ्यात जास्त काम करते. आमच्याकडे सासूबाई तुरटी फिरवायच्या. निवळी फक्त नावाने ऐकून होते, आता मिळते का कुठे?

शब्दवेडा

छान. फक्त प्रसाद शब्दाची व्युत्पत्ती इतकी लांब न्यायची गरज नव्हती. प्रासाद म्हणजे मंदिर, आणि प्रासादात मिळतो तो प्रसाद. म्हणूनच नैवेद्य घरीही होतो, पण प्रसाद म्हटलं की देऊळ डोळ्यांसमोर येतं.

काळी घागर

@माशेलची सून, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, पण बी ओळखता येत नसेल तर घेऊच नका. निवळी आणि काजरा एकाच कुळातले, आणि आपल्याकडे काजरा पुष्कळ. काजऱ्याची बी चपटी, नाण्यासारखी गोल, मधे किंचित खोलगट, आणि वर राखाडी रेशमी लव. ती जहर आहे. निवळीची बी लहान आणि फुगीर. चपटी दिसली की परत करायची, दुकानदार काहीही म्हणो.

मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून थोडं जास्त लिहितो. आपली तांबडी माती इतकी बारीक की तिचे कण एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. हंडा दिवसभर ठेवला तरी पुरतं बसत नाही. बीमधले चिकट पदार्थ या कणांना एकमेकांशी सांधतात, त्यांचे पुंजके होतात, ते जड होऊन खाली जातात. म्हणून कथेतलं ढवळणं बरोबर आहे. आधी जोरात, म्हणजे गंध सगळीकडे पोचतो. मग सावकाश, म्हणजे झालेले पुंजके मोडत नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोरात ढवळलंत तर सकाळीही गढूळच.

आणि जास्त बी म्हणजे जास्त स्वच्छ, असं नाही. प्रमाणाबाहेर घातली तर कण पुन्हा सुटे होतात आणि पाणी मघापेक्षा वाईट दिसतं. किती घालायची ते पाण्यावर अवलंबून. एका तांब्यात थोडी घालून बघायची, कापसाच्या तुसासारखे पुंजके दिसू लागले की तेच प्रमाण. लेखकाने 'उकळते' हा शब्द घातला ते बरं केलं. पाणी नितळ दिसलं म्हणजे जंतू गेले, असं होत नाही.

वेंगुर्ल्याचो

नमस्कार. चांगला विषय काढलात. मी दोन वर्षांपूर्वी कुडाळजवळ प्लॉट बघितला होता. देवळात कौल लावला, डावी दिली. सोडून दिला. आता तोच प्लॉट पुन्हा विकायला आलाय, मालक वेगळा. मग जुना कौल लागू राहतो की पुन्हा विचारता येतं? इथे कुणी भटजी असल्यास कृपया सांगावं.

निवृत्त पंतोजी

कथा वाचली. विसर्गाचा मुद्दा लेखकाने नेमका पकडला आहे, त्याबद्दल शाबासकी. धातुः हा पाठ श्वेताश्वतरात आणि महानारायणात आहे. भटजींच्या तोंडी महानारायण असतं, म्हणून केशवला विसर्ग गळल्यासारखा वाटणं अगदी स्वाभाविक.

शब्दवेडा, दोन्ही शब्द प्र आणि सद् यांवरूनच आले, तेवढं तुमचं खरं. पण प्रासाद म्हणजे उंच बैठक, उंच वास्तू, आणि प्रसाद म्हणजे निवळणं. भावंडं आहेत, एक दुसऱ्याच्या पोटी आलेलं नाही. देवळावरून प्रसाद आला असता तर मनूने पाण्याला तो शब्द का लावला असता?

आता लेखकाशी थोडं भांडण. कथेत असं वाटतं की पूर्वी एक अर्थ होता, तो हरवला, केशवला सापडला. इतकं सरळ नाही. गीता घ्या. दुसऱ्या अध्यायात 'प्रसादमधिगच्छति', तिथे मन निवळण्याचा अर्थ, आणि पुढच्याच श्लोकात 'प्रसन्नचेतसो ह्याशु बुद्धिः पर्यवतिष्ठते'. निवळलेल्या मनाची बुद्धी लगेच ठाम बसते. सतराव्यात 'मनःप्रसादः' हे तर मानसिक तपातच मोजलं आहे. आणि अठराव्याच्या शेवटी अर्जुन म्हणतो 'त्वत्प्रसादान्मयाच्युत', तिथे कृपा. एकाच ग्रंथात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात, कुणी कुणाला हुसकावलेलं नाही.

खाण्याचा अर्थ मात्र त्यात नाही. गीतेला उरलेलं अन्न म्हणायचं होतं, तेव्हा तिसऱ्या अध्यायात 'यज्ञशिष्टाशिनः' म्हटलं, प्रसाद म्हटलं नाही. मला वाटतं कथेचा खरा शोध तिथे होता: द्रोणातला प्रसाद हा या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ. धनी प्रसन्न झाला, त्याने काहीतरी हातावर ठेवलं, मग त्या ठेवलेल्या वस्तूलाच प्रसाद म्हणू लागले.

अंत्रुजकार

पंतोजी, अठरावा अध्याय केशवलाही पाठ आहेच. पण त्याला तो अर्थ रोजचा. ज्या अर्थाने माणूस दचकतो त्याचीच कथा होते, उरलेल्याचं टिपण. यज्ञशिष्टाचं मात्र मला सुचायला हवं होतं असं वाटून आता चरफडतोय, छान जागा होती.

माशेलची सून

मला एक कळलं नाही. 'देवि प्रसीद' म्हणजे 'निवळ' असं केशवला वाटतं, ते खरंच तसं आहे की लेखकाने ताणलं?

निवृत्त पंतोजी

थोडं ताणलं आहे, पण तुटेल इतकं नाही. ज्या काळात ते स्तोत्र रचलं तेव्हा प्रसीद म्हणजे प्रसन्न हो, कृपा कर, हाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात असणार. पण रागावलेलं माणूस गढूळ आणि शांत झालेलं नितळ, ही कल्पना शब्दाच्या आत होतीच. आपणही 'त्याचा राग निवळला' म्हणतो, तेव्हा हंडा कुणाच्या डोळ्यांसमोर असतो?

काव्यशास्त्रातही हा शब्द आहे. ज्या रचनेचा अर्थ वाचताक्षणी तळापर्यंत दिसतो, तिच्यात प्रसादगुण आहे असं म्हणतात. मराठीच्या तासाला मी 'प्रसादगुण' शिकवायचो, तेव्हा दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, साखरफुटाण्यांचा की शिऱ्याचा?"

शब्दवेडा

प्रासादाचं मान्य. पण मग कौल? तो तरी आपलाच ना. शाक्तांमध्ये कौल संप्रदाय आहे, कुलदेवतेशी संबंध, आणि कौल लावतात तो कुलदेवतेलाच. हे मला पटणारं वाटतं.

वाळपईहून

कौल अरबी आहे हो. कौल म्हणजे शब्द, दिलेलं वचन. मराठेशाहीत रयतेला अभय देऊन जमीन लावायला जो कागद द्यायचे तो कौलनामा. देवाने शब्द दिला म्हणून कौल. शाक्तांचा कौल वेगळा आणि घरावरचं कौल त्याहून वेगळं.

म्हणजे बघा, गाभाऱ्यात देव अरबीत वचन देतो आणि संस्कृतात निवळतो, आणि गाऱ्हाणं आपण कोकणीत घालतो. कुणाचं काही अडत नाही.

शब्दवेडा

हे भारी. मग पसायदानातला 'पसाय' हाही प्रसादच का?

वाळपईहून

हो, प्राकृतातून आलेलं रूप. ज्ञानेश्वर देवाला म्हणतात, या वाग्यज्ञाने संतुष्ट हो आणि मला हे पसायदान दे. तिथे अर्थ कृपेचाच. पण मागतात काय, तर 'जे खळांची व्यंकटी सांडो'. वाकडेपणा गळून पडो. मला त्यात गाळ खाली बसण्यासारखंच काहीतरी दिसतं. पंतोजी रागावतील.

निवृत्त पंतोजी

रागावत नाही. सिद्धही करता येणार नाही. ओवी सुंदर आहे, तेवढ्यावर थांबावं.

खारवण

मी जरा वेगळं विचारते. कथेत पाकळी उजवी पडली तरी भावांचं भांडण राहिलंच. म्हणजे लेखकाचं म्हणणं काय, पाकळीचा प्रसाद खोटा आणि मनाचा खरा? आमच्या घरी दोन पिढ्यांची मोठी कामं प्रसाद लावून झाली. पाकळीने भांडण मिटवलेलं मी स्वतः पाहिलंय. दोघांनाही माघार घ्यायची असते, पण एकमेकांपुढे नाही. देवापुढे घेता येते. हे काही कमी नाही.

अंत्रुजकार

खोटा म्हटलेलं नाही. आप्पाकाका जे म्हणतात, 'पाकळी पडते तेव्हा माणसं घरी जातात', ते मी त्यांच्या बाजूने लिहिलं होतं. या भावांना अजून माघार घ्यायची नव्हती, एवढंच.

खारवण

मग ते वाचताना पोचलं नाही. आप्पाकाका मला नुसते तुसडे वाटले. सुपारी कातरणारा म्हातारा आणि डोळे उघडणारा तरुण हे जरा नेहमीचंच झालं. त्यांना एखादी पाकळीची जुनी हकिगत सांगू द्या, मग दोघं बरोबरीला येतील.

काळी घागर

कथेत पाकळीचं सुकणं आलंय त्याबद्दल. ओल्या पाकळीला पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतो. तो आटला की पाकळी सुटते. हवा दमट असली की उशीर, समईची ऊब एका बाजूला जास्त लागली तर ती बाजू आधी. धाकट्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण तो हरला म्हणून त्याला शास्त्र आठवलं, हेही खरं.

वाळपईहून

मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. गोव्यात पाकळी लावण्यालाच 'प्रसाद लावणे' म्हणतात, आणि डावी पडली तरी तो प्रसादच. कृपा असा अर्थ धरला तर देव नाही म्हणाला तेव्हा प्रसाद कसा? निवळणं धरलं तर जमतं, होय असो की नाही, संशय तर खाली बसला. म्हणजे आपल्याकडच्या शब्दात तो जुना अर्थ टिकून राहिला असेल का?

निवृत्त पंतोजी

आकर्षक आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. साधी वाट अशी असू शकते: देवाच्या अंगावरून उतरलेलं फूल म्हणजे प्रसाद, हे सगळीकडेच म्हणतात. पाकळी देवाच्या अंगावरून पडते, म्हणून ती प्रसाद, मग उजवी असो की डावी. त्यावरून त्या सगळ्या विधीलाच ते नाव पडलं असेल. तुमची वाट की माझी, हे ठरवायला देवस्थानांचे जुने कागद हवेत. मोडीतल्या वह्यांत 'प्रसाद घेतला', 'प्रसाद लाविला', 'कौल जाला' असं कुठे कुठे आणि कोणत्या साली येतं, ते मांडून पाहिलं तरच काही म्हणता येईल. कुणाच्या घरी महाजनकीची दप्तरं असतील तर नजर टाका.

खारवण

आमच्या आजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, बहुतेक कुळांचे हिशेब. मोडी मला येत नाही. फोटो टाकले तर कुणी वाचेल का?

वाळपईहून

टाका. हिशेबातही सापडेल, प्रसादाचा खर्च लिहिलेला असतो कधीकधी.

वेंगुर्ल्याचो

सगळं वाचलं, पाण्याचंही वाचलं. पण माझ्या प्लॉटचं कुणी बोललं नाही.

खारवण

मालक बदलला म्हणजे प्रश्न बदलला, पुन्हा विचारता येतं असं आमच्याकडे मानतात. पण तुमच्या देवळाची रीत वेगळी असू शकते, तिथल्याच भटजींना विचारा. आणि त्याआधी सातबारा बघून घ्या, दोन वर्षांत मालक का बदलला ते तिथे कळेल.